अंदाजाचे नमुने दरवर्षी त्रुटी लागून परत येतात? आधी 'वेतन' शीर्षातले महिने मोजा

पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पीय अंदाजांचे परिपत्रक आले की आमच्या लेखा शाखेत दोन-तीन आठवडे दुसरे काही सुचत नाही. आमचे कार्यालय नियंत्रक अधिकाऱ्याचे. खालच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांकडून नमुने येतात, आम्ही ते तपासून, एकत्र करून प्रशासकीय विभागाकडे पाठवतो. दरवर्षी निम्म्याहून जास्त नमुने मला परत पाठवावे लागतात आणि शेरा जवळजवळ तोच असतो : 'वेतनाचा अंदाज सोबतच्या विवरणपत्राशी जुळत नाही.' तोच नमुना दुरुस्त होऊन येतो, पुन्हा जुळत नाही, तोवर तारीख उलटते. ज्यांच्या टेबलावर हे काम आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्या शीर्षांचे शेवटी थोडक्यात सांगते, कारण खरी गाठ 'वेतन' या एकाच उद्दिष्टात असते.

चूक कुठे होते ते एका नमुन्यावरून पाहू. एका कार्यालयाचा नमुना माझ्याकडे आला, त्यात पुढील वर्षाचा वेतनाचा अंदाज १,९०,०८ हजार होता. आकडे मी सोपे करून सांगते आहे, चूक मात्र जशीच्या तशी आहे. मंजूर पदे २०, भरलेली १६, रिक्त ४. पदांच्या विवरणपत्रात भरलेल्या पदांचे महिन्याचे एकूण मूळ वेतन ८,००,००० रुपये. एवढ्या मूळ वेतनावर इतका अंदाज बसत नाही, हे पाहताक्षणी कळत होते. मी फोन केला.

"मॅडम, आम्ही नेहमीसारखेच केले आहे. शेवटचे देयक घेतले, बाराने गुणले, १०% वाढ धरली."

"कोणत्या महिन्याचे देयक?"

"ऑक्टोबरचे. १४,४०,०००."

ऑक्टोबरचे देयक सेवार्थवर उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. त्या महिन्यात महागाई भत्ता ५० वरून ५५% झाला होता, तोही जुलैपासून. म्हणजे ऑक्टोबरच्या देयकात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांची ५% थकबाकी बसलेली होती. ८,००,००० च्या ५% म्हणजे ४०,००० आणि तीन महिन्यांचे १,२०,०००. ही रक्कम वर्षातून एकदाच द्यायची होती, पण बाराने गुणल्यावर ती १४,४०,००० झाली आणि १०% वाढीनंतर १५,८४,०००. कार्यालयाला त्यातला एक रुपयाही लागणार नव्हता. मार्चमध्ये ती रक्कम समर्पित करावी लागली असती आणि पुढच्या वर्षी वित्त विभागाने त्याच समर्पणावर बोट ठेवून खरी मागणीही कापली असती.

म्हणून पहिली गोष्ट : देयकावरून अंदाज काढूच नका, मूळ वेतनावरून काढा. देयक म्हणजे त्या महिन्यात काय घडले त्याची नोंद. त्यात थकबाकी असते, एखाद्याची असाधारण रजा असते, कुणाची वेतननिश्चितीची वसुली असते. पुढच्या वर्षाचा पाया म्हणून यातले काहीच चालत नाही. मूळ वेतन मात्र ठरावीक तारखेचे ठरावीक असते आणि परिपत्रकातले सगळे दर त्याच्यावरच लावायचे असतात.

बारा महिने कोणते?

सर्वांत जास्त त्रुटी इथे निघतात. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणून वेतनही एप्रिल ते मार्चचे धरले जाते. पण अर्थसंकल्प रोखीवर चालतो : रक्कम ज्या तारखेला कोषागारातून बाहेर पडली, त्या तारखेच्या वर्षात खर्च पडतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला होतो. मार्चचा पगार १ एप्रिलला, म्हणजे नव्या वर्षात. फेब्रुवारीचा १ मार्चला, म्हणजे त्याच वर्षात. तेव्हा एका आर्थिक वर्षात जे बारा पगार पडतात ते मार्च ते फेब्रुवारी या महिन्यांचे.

बारा म्हणजे बाराच, मग फरक काय पडतो, असे मला बरेच जण विचारतात. फरक वेतनवाढीत पडतो. वार्षिक वेतनवाढ १ जुलैची असेल तर मार्च, एप्रिल, मे, जून हे चार महिने जुन्या वेतनाचे आणि जुलै ते फेब्रुवारी हे आठ महिने वाढीव वेतनाचे. एप्रिल ते मार्च मोजले की हेच तीन आणि नऊ होतात. आमच्या उदाहरणात वेतनवाढ महिन्याला २४,००० ची आहे, म्हणजे मूळ वेतनात तेवढाच फरक. त्यावर भत्ते लागले की ४०,८००. रक्कम मोठी नाही हे मान्य. पण तपासणारा माणूस पदांच्या विवरणपत्रावरून चार अधिक आठ असाच हिशेब मांडतो आणि तुमच्या आकड्याशी ताळा बसला नाही की नमुना परत जातो. फरक ४०,८०० चा असला तरी परत जातो, कारण तो कशामुळे आला हे नमुन्यावरून त्याला कळत नाही.

सेवानिवृत्तीतही हाच घोळ होतो. ३१ डिसेंबरला निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याचे किती महिने वजा करायचे? जानेवारी आणि फेब्रुवारी, दोनच. त्याचा डिसेंबरचा पगार १ जानेवारीला होणारच आहे. एप्रिल ते मार्च मोजणारे तीन महिने वजा करतात आणि फेब्रुवारीत देयकाला तरतूद अपुरी पडते.

दर कसे लावायचे

परिपत्रकात महागाई भत्त्याचा जो दर दिलेला असतो तो पुढील वर्षाच्या अंदाजासाठी असतो. वर्षभरात होऊ शकणारी वाढ गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. आमच्या उदाहरणात सध्याचा दर ५५% आणि परिपत्रकातला ६०% धरू. हा ६०% बाराही महिन्यांच्या मूळ वेतनावर सरसकट लावायचा. जुलैपर्यंत ५५, मग ५८, जानेवारीपासून ६१ अशी आपली शिडी लावायची नाही आणि ६०% लावून वर पुन्हा 'अपेक्षित वाढ ४%' असेही लिहायचे नाही. दोन्ही प्रकार मी दरवर्षी पाहते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरतूद कमी पडू नये म्हणून तो ती काळजी घेतो. पण सगळ्या कार्यालयांनी एकच दर लावला तरच एकत्रित आकड्याला काही अर्थ राहतो. प्रत्यक्षात दर जास्त वाढला तर तो फरक सुधारित अंदाजात किंवा पूरक मागणीत पाहिला जातो, त्याचा भार मूळ अंदाजावर टाकायचा नसतो.

घरभाडे भत्ता मूळ वेतनावरच काढायचा, महागाई भत्ता मिळवून आलेल्या रकमेवर नाही. शासकीय निवासस्थानात राहणाऱ्यांचे मूळ वेतन त्याआधी वजा करायचे. उदाहरणात कुणीच निवासस्थानात राहत नाही आणि दर १०% आहे असे धरते.

उदाहरण पुरे करून पाहू

८,००,००० हे मूळ वेतन १ डिसेंबरचे, म्हणजे चालू वर्षाची जुलैची वेतनवाढ त्यात आलेली आहे. ही तारीख महत्त्वाची. काही जण याच आकड्यावर पुन्हा ३% लावून मार्चपासूनच वाढीव वेतन धरतात. पुढची वेतनवाढ पुढच्या जुलैत आहे, तोवर हाच आकडा चालणार.

मार्च ते जून : ८,००,००० × ४ = ३२,००,०००. जुलै ते फेब्रुवारी : ८,२४,००० × ८ = ६५,९२,०००. मूळ वेतन एकूण ९७,९२,०००. त्यावर ६०% महागाई भत्ता ५८,७५,२०० आणि १०% घरभाडे भत्ता ९,७९,२००. बेरीज १,६६,४६,४००.

एक अधिकारी डिसेंबरअखेर निवृत्त होणार आहेत. त्यांचे मूळ वेतन आज ८०,०००, जुलैपासून ८२,४००. दोन महिन्यांचे १,६४,८०० आणि भत्त्यांसह २,८०,१६०. ही रक्कम वजा.

चार रिक्त पदांपैकी एकाच पदाचा नियुक्ती आदेश निघाला आहे, उमेदवार १ जूनला रुजू होणार. इतर तीन पदांबाबत काही हालचाल नाही. रिक्त पदांसाठी तरतूद धरायची की नाही हे परिपत्रकातच लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमच्या परिपत्रकात आदेश निघालेल्या पदांपुरतीच परवानगी होती. नव्या माणसाचे वेतन त्या स्तराच्या किमान टप्प्यावर धरायचे, आधीच्या माणसाच्या शेवटच्या वेतनावर नाही. किमान २५,५०० असेल तर जून ते फेब्रुवारी नऊ महिने, म्हणजे २,२९,५०० आणि भत्त्यांसह ३,९०,१५०. ही रक्कम मिळवायची.

१,६६,४६,४०० − २,८०,१६० + ३,९०,१५० = १,६७,५६,३९०. नमुना हजार रुपयांत असतो, म्हणून १,६७,५६. पहिल्या नमुन्यातल्या १,९०,०८ शी हे ताडून पाहा. साडेबावीस लाखांची तफावत होती. पैसे जास्त मागायचे असा कुणाचाही विचार नव्हता, फक्त पद्धत चुकलेली होती.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर मुख्य हिशेब एका ओळीत बसतो. B2 मध्ये मूळ वेतन, B3 मध्ये वेतनवाढीनंतरचे मूळ वेतन, B4 आणि B5 मध्ये महागाई भत्ता व घरभाडे भत्त्याचे दर :

```
=(4*B2+8*B3)*(1+B4+B5)
```

B3 साठी B2 ला १.०३ ने गुणू नका. प्रत्येक कर्मचाऱ्याचा पे मॅट्रिक्समधला पुढचा टप्पा पाहून त्यांची बेरीज टाका. माझ्या उदाहरणात नेमके ३% येतात, ते समजायला सोपे जावे म्हणून. प्रत्यक्षात टप्पे शंभराच्या पटीत असल्याने थोडा फरक पडतो आणि ज्यांची वेतनवाढ त्या जुलैत देय नाही त्यांचा आकडा तसाच राहतो.

आणखी एक. हजारांत रूपांतर अगदी शेवटी करा. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता हे वेगवेगळे हजारांत आणून मग बेरीज केली की शेवटी एकाचा फरक राहतो, आणि तो एक शोधण्यात माझी सहकारी एकदा पूर्ण दुपार घालवून बसली होती.

सुधारित अंदाजाचा रकाना

पुढील वर्षाचा आकडा बरोबर असूनही नमुना परत येत असेल तर शेजारचा रकाना पाहा. चालू वर्षाचा सुधारित अंदाज म्हणजे झालेला खर्च अधिक राहिलेल्या महिन्यांचा अपेक्षित खर्च. मूळ तरतूद उचलून तिथे लिहिली की तो सुधारित अंदाज होत नाही.

आमच्या कार्यालयाचे मार्च ते ऑक्टोबर असे आठ पगार नोव्हेंबरअखेर झालेले होते, थकबाकीसह १,०२,५०,८८०. उरलेले चार, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, प्रत्येकी १३,२०,००० प्रमाणे ५२,८०,०००. सुधारित अंदाज १,५५,३०,८८०. इथे थकबाकी असायलाच हवी, कारण ती याच वर्षात खर्च झाली आहे. पुढच्या वर्षात ती येता कामा नये, एवढेच. आणि परिपत्रकाने खर्चाचे आकडे ऑक्टोबरअखेरचे मागितले असतील तर सात पगार झालेले आणि पाच व्हायचे. इथे एक पगार दोनदा धरला जातो किंवा सुटतो. सुटलेला पगार ओळखायची माझी साधी युक्ती अशी : दोन्ही भागांतल्या महिन्यांची नावे पेन्सिलने समासात लिहायची. बारा नावे आली आणि कुठलेही दोनदा आले नाही की झाले.

आता या दोन आकड्यांतला फरक १२,२५,५१० चा आहे आणि नमुन्यात वाढीची कारणे विचारलेली असतात. तिथे 'नैसर्गिक वाढ' असे दोन शब्द लिहिले की प्रश्न आलाच. वरचा हिशेब तयार असला तर कारणे तिथेच हाताशी असतात : वेतनवाढीमुळे मूळ वेतनात २,८५,२००, घरभाडे भत्त्यात २८,५२०, महागाई भत्त्यात ८,०१,८००, नव्या नियुक्तीमुळे ३,९०,१५० आणि सेवानिवृत्तीमुळे २,८०,१६० ची घट. बेरीज करून पाहा, १२,२५,५१० येते. कारणांच्या रकान्यातली बेरीज फरकाशी अशी जुळणारा नमुना मी आजवर एकदाही परत पाठवलेला नाही.

तारखा दोन प्रकारच्या असतात

परिपत्रकात तारखा बऱ्याच असतात, त्यामुळे माणूस शेवटची तेवढी लक्षात ठेवतो. त्या दोन प्रकारच्या आहेत हे ध्यानात घ्या. एक प्रकार आकड्यांच्या तारखांचा : पदे आणि मूळ वेतन कोणत्या तारखेचे, खर्च कोणत्या महिन्याअखेरचा. दुसरा सादर करण्याच्या तारखांचा : आहरण अधिकाऱ्याने नियंत्रक अधिकाऱ्याकडे कधी, तिथून प्रशासकीय विभागाकडे कधी, तिथून वित्त विभागाकडे कधी.

सादर करायला उशीर झाला म्हणून आकड्यांची तारीख पुढे सरकत नाही. मागच्या एका वर्षी एका कार्यालयाने नमुना उशिरा पाठवला आणि 'अद्ययावत असावे' म्हणून पदांची माहिती १ जानेवारीची दिली, बाकी सर्वांची १ डिसेंबरची होती. डिसेंबरमध्ये त्या कार्यालयातले दोन कर्मचारी बदलून दुसऱ्या कार्यालयात गेले होते. दुसऱ्या कार्यालयाच्या १ डिसेंबरच्या माहितीतही ते नव्हते, याच्या १ जानेवारीच्या माहितीतही नव्हते. दोन माणसांचे वर्षभराचे वेतन कुणाच्याच अंदाजात आले नाही. ते सापडले फेब्रुवारीत, तेही एकत्रित पदसंख्या मंजूर पदांशी ताडून पाहताना, आणि तोवर आकडे वरच्या कार्यालयात गोठलेले होते.

सादर करण्याच्या तारखांबाबत माझा आग्रह एकच आहे. तुमची तारीख परिपत्रकातली शेवटची तारीख नसते. प्रशासकीय विभागाकडे २० डिसेंबरला द्यायचे असेल तर माझ्याकडे १० डिसेंबरला नमुने लागतात. दहा दिवसांत मला ते तपासायचे, चुकलेले परत पाठवायचे, दुरुस्त होऊन आले की एकत्र करायचे आणि साहेबांची सही घ्यायची असते. १९ तारखेला आलेला नमुना मी न तपासता जोडते किंवा जोडतच नाही. जोडला नाही तर वर मागील खर्चाच्या आधारे आकडा ठरवला जातो. त्या आकड्यात तुमचा जूनमध्ये रुजू होणारा माणूस नसतो, कारण मागील खर्चात तो नव्हता. मग फेब्रुवारीत त्याच्या वेतनासाठी पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव करायची वेळ येते.

बाकीची शीर्षे

कार्यालयीन खर्च, प्रवास खर्च यांना परिपत्रकात बहुधा वाढीची मर्यादा असते. ती मर्यादा कशावर लावायची ते शब्द नीट वाचा : मूळ अंदाजावर, सुधारित अंदाजावर की मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चावर. तीन वेगळे आकडे येतात. दूरध्वनी, वीज व पाणी यांची थकीत देयके असतील तर ती वेगळ्या ओळीत दाखवा, नेहमीच्या खर्चात मिसळू नका. कंत्राटी मनुष्यबळाचा खर्च 'वेतन' शीर्षात टाकू नका, त्याला कंत्राटी सेवांचे वेगळे उद्दिष्ट आहे. दोन-तीन कार्यालयांत अजूनही ती रक्कम वेतनात येते आणि पदसंख्येशी ताळा बसत नाही.

नमुना परत आला असेल आणि वेळ कमी असेल तर शोध या क्रमाने घ्या. आधी पदांच्या विवरणपत्रातली मूळ वेतनाची बेरीज कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. मग चार अधिक आठ महिने करून परिपत्रकातला दर लावा. तुमचा आकडा यापेक्षा थोडासाच जास्त असेल तर महिने चुकलेत. मूळ वेतनाच्या वर्षाच्या बेरजेच्या ३-४% नी जास्त असेल तर दर दोनदा वाढवलेला आहे. १०-१५% नी जास्त असेल तर कुठले तरी देयक बाराने गुणलेले आहे, त्या देयकातली थकबाकी शोधा. आणि आकडा कमी येत असेल तर निवृत्तांची यादी काढा, बहुतेक वेळा कुणाचा तरी एक महिना जास्त वजा झालेला असतो.